पेनड्राइव्ह ‘राइट प्रोटेक्टेड’ आहे, असं नेमकं म्हणतंय कोण?

पेनड्राइव्हवर फाइल टाकायला जावं आणि विंडोजने ही चौकट पुढे करावी:

```
The disk is write-protected.
Remove the write-protection or use another disk.
```

आतल्या फाइली उघडतात, फोटो दिसतात, पण नवीन काही टाकता येत नाही, जुनं पुसता येत नाही आणि फॉरमॅटही होत नाही. मग माणूस उपाय शोधू लागतो. कुणी रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, बदलायला सांगतं, कुणी diskpart ही डिस्कची आज्ञा चालवायला, कुणी फॉरमॅटचं एखादं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला. या प्रत्येक उपायाने कुणाचा ना कुणाचा पेनड्राइव्ह सुरू झालेला असतो, म्हणून तो ठामपणे सांगितला जातो. आपल्याकडे मात्र त्याचा काहीच परिणाम होत नाही, कारण आपल्या पेनड्राइव्हचं दुखणं वेगळं असतं. दुरुस्तीला येणारी कार्डं आणि पेनड्राइव्ह बघताना मला सगळ्यात जास्त हळहळ याचीच वाटते, की उपाय करण्याच्या नादात लोक फॉरमॅटची बटणं दाबून मोकळे होतात आणि जो डेटा सहज निघाला असता तो हातचा जातो.

म्हणून आधी एवढंच ठरवायचं की हा नकार येतोय कुठून.

कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह जोडला की दोघांत थोडी विचारपूस होते. तुझी क्षमता किती, तू कोणत्या प्रकारचा, वगैरे. त्याच विचारपुशीत पेनड्राइव्ह जे उत्तर पाठवतो त्यात एक बिट असतो: लिहायला परवानगी आहे की नाही. हा बिट १ आला की विंडोज पुढे काही विचारत नाही, वरची चौकट दाखवून मोकळं होतं. हा बिट कुणी १ केला, हे त्या उत्तरात नसतं. कार्ड रीडरमधल्या इवल्याशा स्विचने केला असेल, किंवा शेवटची घटका मोजणाऱ्या पेनड्राइव्हच्या चिपने केला असेल, कॉम्प्युटरपर्यंत पोचणारं उत्तर एकच. त्यात आणखी, कधी बिट ० असूनही खुद्द कॉम्प्युटरनेच स्वतःच्या नियमाने लिहिणं बंद केलेलं असतं. तेव्हाही चौकट तीच. त्यामुळे संदेश वाचून निदान होत नाही, जागा बदलून बघावं लागतं.

पहिली चाचणी अगदी साधी आहे. तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. कार्ड असेल तर रीडरही दुसरा घ्या. आणि पहिल्या कॉम्प्युटरला, त्याच रीडरमध्ये, दुसरं चांगलं चालणारं कार्ड लावून बघा. तुमचं कार्ड दुसरीकडे लिहिलं जात असेल तर दोष कार्डात नाही. दुसरं कार्डही पहिल्या रीडरमध्ये ‘राइट प्रोटेक्टेड’ येत असेल तर दोष रीडरचा किंवा त्या कॉम्प्युटरचा. दोन्हीकडे तुमचंच कार्ड अडत असेल, तर मात्र त्याच्याकडे नीट बघायची वेळ आली. या पाच मिनिटांत निम्मे उपाय आपोआप बाद होतात.

कार्डाच्या कडेचा खटका

मोठ्या एसडी कार्डाच्या डाव्या कडेला एक सरकता खटका असतो. लेबल आपल्याकडे आणि कापलेला कोपरा वर उजवीकडे असं कार्ड धरलं की तो डाव्या हाताला येतो. वर, म्हणजे सोनेरी पट्ट्या असलेल्या टोकाकडे सरकवला की कार्ड खुलं, खाली ओढला की बंद. बहुतेक कार्डांवर ‘Lock’ लिहून खाली बाण दाखवलेला असतो.

या खटक्याबद्दल फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट अशी की तो कार्डाच्या आतल्या कशालाच जोडलेला नसतो. तो निव्वळ प्लास्टिकचा तुकडा आहे. कार्डाला स्वतःला कळतही नाही की आपल्याला कुलूप लागलंय. ते बघतो रीडर. रीडरच्या खाचेत आत एक बारीक स्प्रिंगची पट्टी असते. खटका वर असेल तर कार्डाच्या कडेची खाच भरलेली राहते आणि ती पट्टी दाबली जाते. खटका खाली असेल तर तिथे पोकळी राहते, पट्टी दाबली जात नाही, आणि रीडर कॉम्प्युटरला सांगतो की कार्ड बंद आहे. ज्यांनी ऑडिओ कॅसेटवर गाणी भरून घेतली आहेत त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. कॅसेटच्या मागच्या कडेची प्लास्टिकची चकती मोडली की तिच्यावर रेकॉर्डिंग होत नसे, आणि त्या खळग्यावर सेलोटेप लावली की पुन्हा होत असे. एसडी कार्डातही तसंच आहे.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, खटका तुटून पडला तर कार्ड कायमचं ‘बंद’ दिसतं, कारण खाच रिकामी राहते. मग लोकांना वाटतं कार्ड गेलं. कार्ड उत्तम असतं. त्या खाचेवर सेलोटेपचा अरुंद तुकडा लावला की रीडरची पट्टी दाबली जाते आणि काम सुरू होतं. टेप सोनेरी पट्ट्यांवर जाता कामा नये, आणि जाड टेप नको, नाहीतर ती सुटून रीडरच्या आत अडकते. हा उपाय फोटो उतरवून घेण्यापुरता ठीक. लग्नाचं शूटिंग करायला असं टेप लावलेलं कार्ड कॅमेऱ्यात घालून जाऊ नका.

दुसरी गोष्ट सैल खटक्याची. कार्ड रीडरमध्ये सारताना खाचेची कड खटक्याला मागे ढकलते, आणि मागे म्हणजे नेमकं ‘बंद’च्या बाजूला. म्हणून बाहेर बघितलं तर खटका बरोबर वर असतो, आत घातला की कार्ड बंद येतं, बाहेर काढलं तर खटका खाली आलेला दिसतो. मायक्रोएसडीबरोबर फुकट मिळणाऱ्या अडॅप्टरमध्ये हे फार होतं. इथे उपाय खटका दुरुस्त करण्याचा नाहीच. मायक्रोएसडी कार्डाला स्वतःचा खटका नसतो, तो अडॅप्टरला असतो. अडॅप्टर बाजूला ठेवा आणि छोटं कार्ड थेट मायक्रोएसडीची खाच असलेल्या यूएसबी रीडरमध्ये लावा. खटक्याचा विषयच संपला. मोबाइलमध्ये लावूनही बघता येतं, फक्त मोबाइल कार्ड फॉरमॅट करायचं का असं विचारू लागला तर नाही म्हणा.

तिसरी गोष्ट रीडरच्या त्या पट्टीची. ती वाकते, तिच्यात धूळ बसते. मग त्या रीडरमध्ये कोणतंही कार्ड लावा, ते बंदच. लॅपटॉपच्या कडेला असलेल्या खाचेत हे बऱ्याचदा दिसतं. दोनशे-तीनशे रुपयांच्या बाहेरच्या रीडरने जे काम होतं त्यासाठी लॅपटॉप उघडायला देऊ नये, असं माझं मत आहे.

पेनड्राइव्हला असा खटका बहुतेक नसतोच. काही मोजक्या पेनड्राइव्हना कडेला खरा स्विच असतो, तो मात्र आतल्या सर्किटला जोडलेला असतो. तो आहे का, हे बघायला एक नजर पुरते.

कॉम्प्युटरने घातलेली बंदी

दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह व्यवस्थित लिहिला जात असेल आणि तुमच्याच कॉम्प्युटरवर अडत असेल, तर रजिस्ट्रीचा उपाय बघायला हरकत नाही. विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून एक सोय आहे: सगळ्या यूएसबी साठवणुकीवर लिहिणं एका आकड्याने बंद करता येतं. ती लागू आहे का हे असं बघायचं:

```
reg query HKLM\SYSTEM\CurrentControlSet\Control\StorageDevicePolicies
```

अशी नोंदच सापडली नाही, असं उत्तर आलं तर बंदी नाही, आणि हेच सहसा येतं. सापडली आणि `WriteProtect` समोर `0x1` दिसलं तर ते ० करून पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावायचा. सायबर कॅफे, शाळेची लॅब, कार्यालयं इथे ही बंदी मुद्दाम घातलेली असते. बिटलॉकर हे विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं साधन वापरणाऱ्या कंपन्यांमध्ये आणखी एक नियम असतो: जो पेनड्राइव्ह बिटलॉकरने बंद केलेला नाही त्याच्यावर लिहू द्यायचं नाही. तिथेही चौकट हीच येते. कार्यालयाच्या मशीनवर असं दिसलं तर आयटीवाल्यांना विचारा, स्वतः रजिस्ट्रीत हात घालू नका.

आता diskpart बद्दल, कारण सगळ्यात जास्त सांगितला जाणारा उपाय तोच आहे आणि सगळ्यात जास्त न वाचता चालवला जाणाराही तोच. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि:

```
diskpart
list disk
select disk 2
attributes disk
```

इथे `2` हा नुसता नमुना आहे. यादीत तुमच्या पेनड्राइव्हचा आकार बघून त्याचाच क्रमांक घ्यायचा. चुकून डेटाच्या दुसऱ्या हार्डडिस्कचा क्रमांक निवडला आणि पुढे कुणाच्या सांगण्यावरून `clean` चालवलं, तर त्या डिस्कचं पार्टिशन टेबल गेलं म्हणून समजा. `attributes disk` नुसतं वाचून दाखवतं, काही बदलत नाही. त्याच्या पहिल्या दोन ओळी महत्त्वाच्या:

```
Current Read-only State : Yes
Read-only  : No
```

खालची ओळ म्हणजे विंडोजने या डिस्कवर स्वतः लावलेली खूण. वरची ओळ म्हणजे प्रत्यक्षात आत्ता लिहिता येतं की नाही. खालच्या ओळीत `Yes` असेल तर `attributes disk clear readonly` ही आज्ञा काम करते, कारण पुसण्यासारखी खूण तिथे आहे. खालच्या ओळीत `No` आणि वर `Yes` असेल, तर पुसायला काही नाहीच. आज्ञा दिली तर diskpart ती यशस्वी झाली असंही म्हणतं, आणि वरची ओळ `Yes`च राहते. लोक इथे तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देत बसतात. रजिस्ट्रीतली बंदी आणि खटका हे दोन्ही आधीच बाद झाले असतील, तर या दोन ओळींचा अर्थ एकच होतो: नकार पेनड्राइव्हच्या आतून येतोय.

फाइलवरच्या ‘Read-only’ खुणेचा या सगळ्याशी संबंध नाही, हेही सांगून ठेवतो. फाइलच्या प्रॉपर्टीजमधली ती खूण त्या एका फाइलपुरती असते. कॅमेऱ्यात किल्लीचं चिन्ह देऊन फोटो ‘प्रोटेक्ट’ करता, तेव्हा हीच खूण लागते. तिच्यामुळे तो फोटो पुसता येत नाही, पण बाकी कार्डावर लिहिता येतं, आणि कार्ड फॉरमॅट केलं तर असे प्रोटेक्ट केलेले फोटोही जातात. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये त्या चौकटीत जो भरीव चौकोन दिसतो तो तर बंदीचा नसतोच. तो काढायच्या मागे लागून काही साधत नाही.

फाइल सिस्टीम बिघडली तर

पेनड्राइव्हवर एक फाइल लिहायची म्हणजे एका जागी लिहून भागत नाही. बहुतेक पेनड्राइव्ह आणि छोटी कार्डं ज्या फॅट३२ नावाच्या फाइल सिस्टीमने, म्हणजे फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीने चालतात, तिच्यात तीन ठिकाणी नोंद होते. फाइलमधला मजकूर क्लस्टर नावाच्या तुकड्यांत जातो. कोणत्या तुकड्यानंतर कोणता, ही साखळी एका तक्त्यात जाते, त्या तक्त्याच्या दोन प्रती असतात. आणि फाइलचं नाव, आकार आणि पहिला तुकडा कुठला, हे फोल्डरच्या यादीत जातं. कॉपी होतेय तोवर पेनड्राइव्ह उपटला, तर यातलं काही लिहिलं गेलेलं असतं, काही राहिलेलं. यादीत फाइल आहे पण साखळी अर्धवट, किंवा साखळी आहे पण तिच्यावर कुणाचंच नाव नाही, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे दोन फाइलींच्या साखळ्या एकाच तुकड्यावर येऊन मिळालेल्या.

असं झालंय का हे ओळखायला फाइल सिस्टीम स्वतःजवळ एक खूण ठेवते. लिहायला सुरुवात केली की ती लागते, नीट ‘इजेक्ट’ केलं की निघते. पुढच्या वेळी ती लागलेली आढळली, तर मागच्या वेळी काम अर्धवट सुटलं होतं असं समजायचं. फॅटमध्ये, एक्सफॅटमध्ये आणि एनटीएफएसमध्ये ही खूण वेगवेगळ्या जागी असते, काम तेच.

ही खूण दिसली की विंडोज पेनड्राइव्ह बंद करत नाही. ते फक्त तपासणी करू का, असं विचारतं आणि लिहूही देतं. लिनक्स वेगळं वागतं. फॅटच्या पार्टिशनवर तुटलेली साखळी सापडली की ते त्याच क्षणी सगळं पार्टिशन ‘फक्त वाचा’ करून टाकतं, म्हणजे बिघडलेल्या तक्त्यावर आणखी लिहून नुकसान वाढू नये. कॉपी अर्ध्यावर अडते आणि ‘Read-only file system’ असा संदेश येतो. लिनक्सच्या नोंदी दाखवणाऱ्या `dmesg` मध्ये तेव्हा अशी ओळ सापडते:

```
FAT-fs (sdb1): Filesystem has been set read-only
```

आणि नकार आतून, म्हणजे त्या सुरुवातीच्या बिटामुळे येत असेल, तर ओळ वेगळी:

```
[sdb] Write Protect is on
```

या दोन ओळींतला फरक मला फार उपयोगी पडतो. पहिलीत `sdb1`, म्हणजे पार्टिशनचं नाव आहे. आजार फाइल सिस्टीमचा आहे, हार्डवेअर बहुधा धड आहे. दुसरीत `sdb`, म्हणजे अख्खं उपकरण आहे. तिथे फाइल सिस्टीम दुरुस्त करून उपयोग नाही. लिनक्स जवळ नसलं तरी एक खूणगाठ बांधता येते: तोच पेनड्राइव्ह विंडोजवर लिहिला जातो आणि लिनक्सवर अडतो, असं असेल तर संशय फाइल सिस्टीमवर घ्यायचा. (मॅकवर एनटीएफएसचा पेनड्राइव्ह लावला तर तो मुळातच फक्त वाचता येतो, तो बिघाड नव्हे.)

दुरुस्ती विंडोजवर, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, अशी होते:

```
chkdsk E: /f
```

`E:` च्या जागी तुमच्या पेनड्राइव्हचं अक्षर घ्यायचं. पण ही आज्ञा देण्याआधी जे निघतंय ते सगळं दुसरीकडे कॉपी करून घ्या. chkdsk ला तुमच्या फाइलींशी देणंघेणं नसतं, त्याला तक्ता सुसंगत करायचा असतो. नाव नसलेल्या साखळ्या तो `FOUND.000` नावाच्या फोल्डरमध्ये `FILE0000.CHK` अशा नावांनी टाकतो, आणि अर्धवट फाइली छाटून त्यांचा आकार साखळीला जुळवतो. तक्ता नीट होतो, तुमचा व्हिडिओ तुटतो. आधी घेतलेली प्रत असली की ही भीती उरत नाही. `/f` न लावता नुसतं `chkdsk E:` चालवलं तर तो काही बदलत नाही, फक्त काय बिघडलंय ते सांगतो. सुरुवात तिथून करावी. आणि chkdsk ने तपासणी करायलाच नकार देऊन डिस्क ‘write protected’ आहे असं सांगितलं, तर समजा की आपण पुन्हा उपकरणापाशी येऊन पोचलो.

पेनड्राइव्ह स्वतःच नाही म्हणतो तेव्हा

पेनड्राइव्हच्या आत दोन चिपा असतात. एकीत डेटा राहतो, दुसरी तिच्यावर देखरेख करते, तिला कंट्रोलर म्हणतात. डेटाच्या चिपमध्ये आहे त्या जागेवर नवं लिहिता येत नाही. आधी मोठा गठ्ठा पुसावा लागतो, मग लिहावं लागतं. प्रत्येक वेळी पुसल्याने तो गठ्ठा थोडा झिजतो, आणि ठरावीक वेळा पुसून झाल्यावर तो डेटा धरून ठेवेनासा होतो. म्हणून कारखान्यातून येतानाच काही जादा गठ्ठे राखीव ठेवलेले असतात. एक झिजला की कंट्रोलर त्याच्या जागी राखीव गठ्ठा वापरतो आणि कुठला कुठे गेला याचा नकाशा ठेवतो. तो नकाशाही त्याच चिपमध्ये लिहिलेला असतो.

राखीव गठ्ठे संपले, किंवा नकाशाच भरवशाने लिहिता येईना, की बरेच कंट्रोलर सरळ लिहिणं बंद करतात आणि तो बिट १ करून ठेवतात. आहे तो डेटा तरी माणसाला काढून घेता यावा म्हणून. ही सोय कंट्रोलर बनवणाऱ्यांनी विचारपूर्वक ठेवली आहे, आणि तिची मला खरोखर कदर वाटते. सगळं अचानक नाहीसं होण्यापेक्षा हे कितीतरी बरं. अडचण एवढीच की ही निरवानिरव कळवायला त्याच्याकडे त्या एका बिटाशिवाय दुसरं साधन नाही, आणि विंडोज त्याचं भाषांतर ‘राइट प्रोटेक्शन काढा’ असं करतं. माणूस मग काढायच्या मागे लागतो.

काही स्वस्तातले कंट्रोलर एवढंही सांगत नाहीत. ते लिहा म्हटलं की हो म्हणतात, आणि लिहीत नाहीत. याची खूण एकदा बघितली की विसरत नाही. फाइली पुसा, त्या दिसेनाशा होतात. फॉरमॅट करा, यशस्वी झालं म्हणून सांगितलं जातं, पेनड्राइव्ह रिकामा दिसतो. काढून पुन्हा लावा, सगळ्या जुन्या फाइली जागच्या जागी हजर. काढेपर्यंत जे दिसत होतं ते कॉम्प्युटरच्या मेमरीतलं होतं, चिपपर्यंत काही पोचलंच नव्हतं. म्हणून पेनड्राइव्ह सुधारला का हे बघायचं असेल तर एक छोटी फाइल टाका, नीट इजेक्ट करा, काढा, शक्य तर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि मग ती फाइल उघडा. लावलेल्या अवस्थेत घेतलेली कोणतीही चाचणी ग्राह्य धरू नका.

एका शाळेच्या कार्यालयातला १६ जीबीचा पेनड्राइव्ह माझ्याकडे आला होता. निकालपत्रकं, दाखल्यांचे नमुने आणि मुलांच्या आधार कार्डांचे स्कॅन त्याच्यावर होते, आणि त्यातलं बरंच दुसरीकडे कुठेच नव्हतं. रोज झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला जायचा, तिथे कुणी इजेक्ट करायच्या फंदात पडत नसे. कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर आणि दुकानातही ‘राइट प्रोटेक्टेड’ येत होतं. लेखनिकभाऊंनी रजिस्ट्रीचा उपाय करून पाहिला होता, diskpart चालवलं होतं. फॉरमॅटचं एक सॉफ्टवेअरही चालवलं होतं, आणि नशीब असं की ते अयशस्वी झालं.

दोन कॉम्प्युटरांवर अडतोय आणि खटका नाही, म्हणजे पहिल्या दोन शक्यता मिटल्या होत्या. diskpart मध्ये वर `Yes`, खाली `No`. लिनक्सवर लावला तर `Write Protect is on`. निदान झालं, आता फक्त डेटा काढायचा. साधी कॉपी सुरू केली तर बऱ्याच फाइली निघाल्या, आणि एका फोल्डरवर कॉम्प्युटर घुटमळत राहिला. हे झालं की कॉपी रेटत बसू नये. झिजलेल्या जागेवर पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करताना पेनड्राइव्ह तापतो आणि मध्येच दिसेनासा होऊ शकतो. अशा वेळी लिनक्सवरच्या ddrescue ने सगळ्या पेनड्राइव्हची जशीच्या तशी प्रत एका फाइलमध्ये काढायची:

```
sudo ddrescue -d /dev/sdb pendrive.img pendrive.map
```

ddrescue अवघड जागा सोडून आधी सोपं सगळं वाचून घेतं, आणि मग सोडलेल्या जागांकडे वळतं. कुठे काय राहिलं याची नोंद `pendrive.map` मध्ये राहते, त्यामुळे मध्ये पेनड्राइव्ह गायब झाला तरी पुन्हा लावून तीच आज्ञा दिली की काम राहिलं तिथून पुढे सुरू होतं. मात्र दर वेळी `lsblk` ने जोडलेल्या डिस्कांची यादी बघून `sdb` हे नाव तेच आहे ना, याची खात्री करायची. एकदा प्रत हातात आली की सगळी दुरुस्ती तिच्यावर करायची, पेनड्राइव्हला हात लावायचा नाही. त्या शाळेच्या काही मोजक्या फाइली वगळता सगळं सुखरूप निघालं. न निघालेल्यांत आधारचे काही स्कॅन होते, ते पालकांकडून पुन्हा मागवता येण्यासारखे होते.

हा पेनड्राइव्ह पुन्हा चालू करता येतो का, असं नेहमी विचारलं जातं. कारखान्यात पेनड्राइव्ह तयार करताना जी सॉफ्टवेअरं वापरतात ती इंटरनेटवर फिरत असतात. त्या पेनड्राइव्हमध्ये नेमका कोणता कंट्रोलर आहे ते ओळखून, त्याच्याशीच जुळणारं सॉफ्टवेअर मिळवलं, तर तो नकाशा नव्याने मांडता येतो आणि पेनड्राइव्ह कधी कधी पुन्हा लिहू लागतो. आतला डेटा मात्र पूर्ण जातो, आणि झिजलेले गठ्ठे झिजलेलेच राहतात. चुकीचं सॉफ्टवेअर चाललं तर जो वाचता येत होता तोही ओळखला जात नाही. शिवाय ही सॉफ्टवेअरं कुठून उतरवली यावर व्हायरसचा धोका वेगळाच. नव्या पेनड्राइव्हची किंमत बघता मी या वाटेला जात नाही, आणि कुणाला जाऊ देत नाही. नवा घेताना फक्त एवढं करा की पूर्ण क्षमता भरून बघा. विंडोजवर h2testw आणि लिनक्सवर f3 ही साधनं पेनड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचून दाखवतात. वर १२८ जीबी छापलेलं आणि आत १६ जीबीची चिप, असला माल बाजारात आहे, आणि तो लवकरच बिघडलेल्या फाइल सिस्टीमच्या रूपाने तुमच्यापुढे येतो.

राहिला जुना पेनड्राइव्ह. हमी शिल्लक असेल तर कंपनी तो बदलून देते, डेटा काढून देणं त्यात सहसा येत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: ज्याच्यावर लिहिता येत नाही, त्याच्यावरचं पुसताही येत नाही. तो परत पाठवायचा म्हणजे आतले सगळे स्कॅन, बँकेचे कागद, घरचे फोटो जसेच्या तसे पाठवायचे. शाळेच्या त्या पेनड्राइव्हची हमी अजून बाकी होती, तरी मी तो परत पाठवू दिला नाही. प्लास्टिकचं आवरण काढलं की आत हिरव्या पट्टीवर दोन काळ्या चिपा दिसतात. त्यातली मोठी, आयताकृती चिप म्हणजे डेटा. पक्कडीने तिचे तुकडे झाले की कुणालाही त्यातून काही वाचता येत नाही. काही बारीक पेनड्राइव्हमध्ये वेगळ्या चिपा नसून सगळा एकच काळा तुकडा असतो, तिथे तो तुकडाच मोडायचा. मायक्रोएसडी कार्ड मजबूत कात्रीने सोनेरी पट्ट्यांना आडवं न कापता मधोमध, उभं कापायचं, म्हणजे आतली चिप नक्की तुटते.